‘क्लिनिकल सेन्स कमी’ असं लिहून कोणी सुधारतं का?

ठाणे-नवी मुंबईच्या मेडिसिन वॉर्डांत पावसाळा म्हणजे डेंग्यू, लेप्टो आणि मलेरियाची गर्दी. याच दिवसांत पहिल्या वर्षाच्या एखाद्या रेसिडेन्टचं पोस्टिंग संपतं आणि मूल्यमापनाच्या कागदावर शेरा येतो: ‘क्लिनिकल सेन्स कमी. गांभीर्य नाही.’ गुणही कमी. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की आपण कमी पडलो. उद्या सकाळी राऊंडला काय वेगळं करायचं, ते कळत नाही.

अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र करून ६००हून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की, लक्ष कामावरून उडून ‘माझ्यात काय कमी आहे’ इकडे वळलं की कामाकडे द्यायला लक्षच उरत नाही. ‘गांभीर्य नाही’ हा शेरा नेमकं तेच करतो.

उदाहरणासाठी एक कल्पित रात्र घेऊ. सात नंबरच्या बेडवर डेंग्यूचा तरुण रुग्ण, आजाराचा पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला. रेसिडेन्टने रात्री १० वाजता नोंद केली: ‘ताप नाही, प्लेटलेट ६० हजार, स्थिर.’ डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ धोक्याची असते. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं आणि हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढतं. त्याच पानावर हेमॅटोक्रिट दुपारच्या ३८ वरून ४६ वर गेलेलं होतं, म्हणजे सुमारे २० टक्के वाढ. बीपी होतं १००/८०. वरचा आकडा पाहिला तर ठीक वाटतं, पण दोन आकड्यांतलं अंतर, म्हणजे नाडीदाब, २० वर आलेलं, आणि ही शॉकची खूण. सीनियरला कळलं रात्री २ वाजता. सलाईनचा वेग वाढवला, रुग्ण वाचला.

आता अभिप्रायाचं पत्र लिहायच्या आधी रेसिडेन्टला एक प्रश्न विचारायला हवा: ‘१० वाजता ते पान बघताना तुझ्या मनात काय चाललं होतं?’ उत्तरं तीन प्रकारची येऊ शकतात. एक, तिला हे माहीतच नव्हतं. तिने फक्त प्लेटलेट बघितल्या (घरोघरीचे नातेवाईकही तेवढंच विचारतात म्हणा). दोन, माहीत होतं, पण नव्या ॲडमिशनच्या रांगेत दुपारचा आकडा शेजारी ठेवून बघायला सवड झाली नाही. तीन, दिसलं होतं, पण मागच्या वेळी फोन केल्यावर सीनियर खेकसला होता. वरून चूक एकच, उपाय मात्र तीन. तिसऱ्या उत्तराचं पत्र खरं तर सीनियरला जायला हवं, आणि ते सहसा जात नाही.

समजा, उत्तर दुसरं आलं. मग मजकूर असा होईल:

‘सात नंबरच्या रुग्णाची रात्री १० ची नोंद तू वेळेवर केलीस, बीपी स्वतः घेतलंस. हेमॅटोक्रिट ३८ वरून ४६ झालं होतं आणि नाडीदाब २० होता, तरी नोंदीत “स्थिर” आलं आणि फोन चार तासांनी झाला. पुढचे चार आठवडे डेंग्यूच्या प्रत्येक रुग्णाचा आधीचा आणि आताचा हेमॅटोक्रिट एकाच ओळीत लिही. नाडीदाब २० किंवा कमी दिसला, किंवा हेमॅटोक्रिट २० टक्के वाढलं, की नोंद पूर्ण करायच्या आधी मला फोन कर. दर शुक्रवारी राऊंडनंतर तुझे दोन केसपेपर आपण मिळून बघू.’

यात तिच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही. दिसलेली गोष्ट आहे, तिचा परिणाम आहे आणि एकच सवय मागितली आहे. वॉर्डात आणखी पाच दोष दिसले असतील, ते सध्या वहीत राहू द्यावेत. गुणही या कागदावर नकोत. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्याला गुण जोडले की तो फायदा मावळला. तो प्रयोग शाळकरी मुलांवरचा आहे, पण कागद हातात आल्यावर मोठी माणसंही आधी आकडाच शोधतात.

पत्र उलटलं की नाही, हे फोनवरून कळतं. अडखळणाऱ्या रेसिडेन्टचे फोन पत्रानंतर काही दिवस वाढले, तर ते बरं लक्षण. फोन एकदम बंद झाले आणि नोंदी गुळगुळीत झाल्या, तर ती लपवायला शिकली आहे. त्याच दिवशी बोलावं, शुक्रवारची वाट बघू नये. आणि ती झोपेअभावी कोलमडली असेल, आजारी असेल किंवा खचली असेल, तर आधी ड्युटीचं वेळापत्रक आणि डॉक्टर बघावा लागतो. चार आठवड्यांनीही हेमॅटोक्रिटची ओळ रिकामीच दिसली, तर रात्रीची ड्युटी तिला एकटीला देऊ नये. हा निर्णय युनिटप्रमुखांचा, आणि तो तिला आधी तोंडी सांगून मगच कागदावर यावा.