पेनड्राइव्हवरची गाणी आणि स्टिरिओवरचे चौकोन

गाडीच्या स्टिरिओत पेनड्राइव्ह लावला की गाणं वाजतं, पण नावाच्या जागी चौकोन नाहीतर à¤ à¥ अशी चिन्हं दिसतात. याचं मूळ 1990 च्या दशकात आहे.

एमपी3 फाइलमध्ये गाण्याचं नाव ठेवायला सुरुवातीला जागाच नव्हती. 1996 मध्ये फाइलच्या शेवटी 128 बाइटचा एक टॅग जोडायची पद्धत आली, तिचं नाव ID3. त्यात गाण्याच्या नावाला 30 बाइट मिळत. इंग्रजीला एका अक्षराला एक बाइट पुरतो, पण यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेलाही तीन लागतात. ‘पहाटेची काकड आरती’ हे नाव 47 बाइटचं होतं. ते 30 वर कापलं की ‘पहाटेची का’ उरतं आणि पुढच्या ‘क’चे तीनपैकी दोनच बाइट येतात. शिवाय मजकूर कोणत्या पद्धतीने साठवलाय हे त्या टॅगमध्ये नोंदवायची सोयच नव्हती.

1998 पासून ID3v2 आला. त्याच्या 2.3 आवृत्तीत यूटीएफ-16 सारखा मजकूर चालतो, यूटीएफ-8 मात्र 2000 च्या 2.4 मध्ये आलं. जुन्या स्टिरिओंना 2.4 नीट वाचता येईलच असं नाही.

म्हणून पडद्यावर काय दिसतं ते आधी बघावं. à¤ आणि à¥ पुन्हा पुन्हा आलं तर स्टिरिओ यूटीएफ-8 ला युरोपीय अक्षरं समजतोय. Mp3tag या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये टॅग ID3v2.3, यूटीएफ-16 असे पुन्हा साठवले की बहुधा सुटतं. चौकोन दिसले तर बहुधा मजकूर ठीक असतो, स्टिरिओत देवनागरी फाँटच नसतो. तिथे टॅग कितीही बदला, उपयोग नाही. Kakad Aarti असं रोमन लिपीत लिहायचं. फाँट असूनही ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर आली किंवा जोडाक्षरं सुटी पडली, तर अक्षरजुळणी करणारा भाग नाही असं समजावं.

गाण्यांचा क्रम बिघडतो तो FAT32 मुळे. पेनड्राइव्हवर फाइली मांडायची ही रचना 1996 मध्ये विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीसोबत आली. तीत फोल्डरची यादी नावानुसार लावलेली नसते, फाइली ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने नोंदी पडतात. अनेक स्वस्त स्टिरिओ तोच क्रम वाजवतात, मग नावात 01, 02 टाकूनही फरक पडत नाही. अशा वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून फाइली एकेक, हव्या त्या क्रमाने कॉपी कराव्या लागतात. नावानुसार लावणाऱ्या स्टिरिओत मात्र 01 हवंच, नाहीतर 10 हे 2 च्या आधी वाजू शकतं.

64 जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा exFAT या नव्या रचनेत येतो आणि जुना स्टिरिओ तो ओळखतच नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी 32 जीबीपुढे FAT32 चा पर्याय देत नसे, त्यामुळे मी गाडीसाठी सरळ 16 जीबीचाच ठेवतो.