दैवी दयेची माळ: प्रार्थना १९३५ची, तीनची वेळ १९३७ची

दुपारी तीन वाजले की चॅपलेट, म्हणजे दैवी दयेची ही माळ, हे आता इतकं डोक्यात बसलंय की कितीतरी जण तीन टळले म्हणून माळच सोडून देतात. पण माळ आणि तीनची वेळ या दोन गोष्टी मुळात एकत्र आलेल्याच नाहीत, मधे दोन वर्षं गेलीत.

ही माळ जिच्या डायरीतून आली ती नन, सिस्टर फाउस्टिना, पोलंडची, शेतकरी घरातली, शाळा जेमतेम तीन वर्षं, आणि कॉन्व्हेंटमधे कामं कसली तर स्वयंपाकघर, बाग, गेटवरची ड्यूटी. १९३५ साली ती विल्नियसच्या कॉन्व्हेंटमधे होती (आता ते लिथुआनियात, तेव्हा पोलंडमधे). १३ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळी खोलीत तिला देवाच्या कोपाचा दूत दिसला असं तिने डायरीत लिहिलंय, एका ठिकाणावर तो शिक्षा आणायच्या बेतात होता. तिने आधी स्वतःच्या शब्दांत विनवणी केली, त्याने काही फरक पडेना. मग आतून ऐकू आलेले शब्द ती म्हणत गेली आणि दूत हतबल झाला. त्या रात्रीच्या शब्दांचा शेवट फक्त 'आमच्यावर दया कर' एवढाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपलमधे शिरताना तिला पूर्ण पद्धत सांगितली गेली आणि तिथे 'आमच्यावर आणि सगळ्या जगावर' असं आलं. मला तरी हा एका रात्रीतला बदल फार मोठा वाटतो.

पद्धत अगदी सोपी, वेगळी माळ लागतच नाही, घरातली नेहमीची रोझरी चालते. सुरुवातीला एकदा प्रभूची प्रार्थना, एकदा नमो मरिया आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार. मग प्रत्येक दशकाआधीच्या, म्हणजे दहा लहान मण्यांच्या गटाआधीच्या, मोठ्या मण्यावर सनातन पित्याला त्याच्या पुत्राचं शरीर आणि रक्त, आत्मा आणि देवत्व अर्पण करायचं, आमच्या आणि सगळ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी. दहा लहान मण्यांवर 'त्याच्या दुःखसहनासाठी आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर', अशी पाच दशकं, म्हणजे ही विनंती पन्नास वेळा होते. शेवटी तीनदा 'पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता, पवित्र अमर देवा' असं म्हणून परत तीच दया मागायची. हा शेवट नवा नाही, तो पूर्वेकडच्या चर्चमधला फार जुना आहे आणि पोलंडमधे संकटाच्या वेळी देवळात गातच होते. रोझरीची सवय असल्याने दशक संपलं की तोंडातून आपोआप 'पित्याला गौरव' निघतं, पण इथे ते नाही आणि रहस्यंही नाहीत.

आता सुरुवातीला बरेच जण जे म्हणतात, 'येशू, तू प्राण सोडलास' आणि मग रक्त आणि पाण्याची प्रार्थना, ते त्या सकाळच्या सूचनेत नाहीच. डायरीत दुसरीकडे आलेल्या प्रार्थना नंतर पुढे जोडल्या गेल्या. म्हटल्या तर छानच, राहिल्या तरी माळ अपुरी नाही.

तीनची वेळ आली ऑक्टोबर १९३७ मधे, तेव्हा ती क्राकूवमधे होती. येशूने क्रूसावर प्राण सोडला ती वेळ, म्हणून त्या वेळी दयेची याचना कर, निदान क्षणभर तरी माझ्या दुःखसहनात बुडून जा, असं तिला सांगितलं गेलं. फेब्रुवारी १९३८च्या नोंदीत आणखी खुलासा आहे: जमलं तर क्रूसाची वाट कर, ते जमत नसेल तर थोडा वेळ चॅपलमधे जा, तेही नाही तर असशील तिथेच क्षणभर प्रार्थना कर. या दोन्ही नोंदींत माळेचं नावसुद्धा नाही! तीनला माळ म्हणायची प्रथा नंतर रुळली, त्यात चुकीचं काही नाही, पण ऑफिसात मीटिंग चालू असताना मनातल्या मनात एक ओळ म्हटली तरी तीनची वेळ पाळली जाते आणि माळ रात्री नऊला म्हटली तरी चालते.

१९३७ मधेच क्राकूवला छोटी कार्डं छापली गेली, पुढे येशूचं चित्र आणि मागे ही माळ. ५ ऑक्टोबर १९३८ ला फाउस्टिना क्षयाने गेली, वय ३३. युद्धात ही भक्ती झपाट्याने पसरली, पण १९५९ मधे रोमने तिने मांडलेल्या स्वरूपातली चित्रं आणि लिखाण पसरवायला बंदी घातली. डायरीच्या सदोष प्रती आणि भाषांतरं तिकडे पोचली होती हे त्याचं एक कारण सांगतात. पुढे क्राकूवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांनी तिच्या जीवनाची आणि लिखाणाची रीतसर चौकशी सुरू करवली आणि १५ एप्रिल १९७८ ला बंदी उठली. त्याच ऑक्टोबरमधे वोयतिवा स्वतःच पोप झाले, जॉन पॉल दुसरे, आणि ३० एप्रिल २००० ला त्यांनीच फाउस्टिनाला संत जाहीर केलं.

त्या पहिल्या सकाळी माळ नऊ दिवस म्हणायला सांगितली होती. गुड फ्रायडेपासून ईस्टरनंतरच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंतची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, मात्र वेगळी, ती १९३७ मधली. त्यात रोज वेगळ्या लोकांसाठी मागायचं असतं, पहिल्या दिवशी सगळी मानवजात आणि खास करून पापी, शेवटच्या दिवशी श्रद्धेत कोमट झालेले.