वयाच्या रकान्यात शिरलेलं ‘राव’

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये (याला सगळे कोतवाल बुक म्हणतात), रकाने छापखान्याच्या अंदाजाने आखलेले असतात आणि माणसांची नावं त्या अंदाजात बसत नाहीत. समजा, लिहिणाऱ्याने ‘सखाराम गणपतराव’ लिहायला घेतलं आणि शेवटचं ‘राव’ उभी रेघ ओलांडून वयाच्या रकान्यात गेलं. वहीवर नजर टाकणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. पण तेच पान संगणकाकडून वाचून घेण्यासाठी स्कॅन करून रेघांवरून रकाने कापले, तर नावात ‘सखाराम गणपत’ उरतं आणि वयात येतं ‘राव ४५’.

चूक कापण्यातच आहे. रकाना कापायचाच नाही, त्यातली शाई उचलायची.

त्यासाठी आधी रेघा शोधाव्या लागतात. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. अक्षरातला काना फार तर पाच मिलिमीटर उंच, म्हणजे ६० पिक्सेल. तेव्हा सलग १५० पिक्सेल उभी चालणारी शाई म्हणजे वहीची रेघ, असं धरता येतं. पान सरळ करून, शाई पांढरी आणि कागद काळा असं चित्र घेतलं की OpenCV मध्ये एवढं पुरतं:

```
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT, (1, 150))
v = cv2.morphologyEx(img, cv2.MORPH_OPEN, k)
```

आडव्या रेघांना हे माप चालत नाही, कारण आपली शिरोरेषाही आडवी रेघच. लांबलचक नावाची शिरोरेषा सहज ३०० पिक्सेल भरते. म्हणून आडव्या रेघेसाठी किमान ६०० पिक्सेलची अट घालावी, नाहीतर रेघा पुसताना नावांची डोकी उडतात.

आता ते ‘गणपतराव’ जवळून पाहू. शब्द ९८० व्या पिक्सेलला सुरू होतो आणि १२९० ला संपतो. उभी रेघ १२०० वर आहे, चार पिक्सेल जाड. ती पुसली की शब्दही तिथे चार पिक्सेल तुटतो. मग पुसलेल्या पट्टीच्या दोन्ही काठांवर एकाच उंचीला शाई आहे का, ते पाहायचं आणि असेल तिथे मधली फट भरायची. शिरोरेषा हमखास दोन्ही काठांवर सापडते. ती जोडली गेली की सगळा शब्द पुन्हा शाईचा एकच सलग तुकडा होतो. रोमन लिपीत सुटी अक्षरं एकेक करून जुळवावी लागतात. इथे शिरोरेषेनेच ती बांधून ठेवलेली असतात.

हा तुकडा कुणाचा? ‘जिथे जास्त शाई, तो रकाना’ हा नियम इथे बरोबर उत्तर देतो. पण ‘पाटील’ हा शब्द ११५० ला सुरू होऊन १३३० ला संपला, तर तोच नियम पाटलांना वयात टाकतो. आपण डावीकडून लिहितो, मजकूर उजवीकडे सांडतो. म्हणून शब्द जिथे सुरू होतो तो रकाना त्याचा, हा नियम मला जास्त भरवशाचा वाटतो. तोही कधी फसतो. ‘४५’ लिहिताना लेखणी रेघेच्या जरा अलीकडेच टेकली, तर वय नावात जातं. म्हणून सुरुवात रेघेपासून दोनेक मिलिमीटरच्या आत असेल, तर आधीच्या शब्दापासूनचं अंतर आणि तुकड्यात अंक आहेत की अक्षरं, हेही पाहावं लागतं.

‘राव’ थेट ‘४५’ला चिकटलं, तर दोन्ही मिळून एकच तुकडा होतो. इथेही शिरोरेषाच वाट दाखवते. देवनागरी अंकांना शिरोरेषा नसते, त्यामुळे ती जिथे संपते तिथे नाव संपलं. मोडीतल्या नोंदींत मात्र ही खूण मिळत नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवायची पद्धत होती, त्यामुळे अख्खी ओळच एक तुकडा. तिथे रेघ पुसून एकेका अक्षराकडे जावं लागतं, आणि रेघेबरोबर अक्षराचा थोडा भागही जातो.

मजकूर खाली-वरही सांडतो. उकार अक्षराला जोडलेला असतो, त्यामुळे तो अक्षरासोबत परत येतो. अनुस्वार सुटा असतो. ‘चंदर’चा ठिपका आडव्या रेघेच्या वर गेला, तर तो वरच्या नोंदीत हरवतो आणि खाली ‘चदर’ राहतो. अशा ठिपक्याला खालच्या जवळच्या शिरोरेषेशी बांधावं लागतं. कागदावरचे डागही मग अनुस्वार होऊन येतात, त्यांना चाळणी लावणं आलंच.

शेवटी प्रत्येक रकान्याचं चित्र चारी बाजूंनी पंधरा मिलिमीटर मोठं घेऊन त्यातली परकी शाई पुसायची आणि तेच वाचायला द्यायचं. काही चुकलं का, हे कळायला एक सोपी तपासणी आहे: त्या चित्राच्या काठाला शाई टेकलेली दिसली, तर मजकूर अजूनही कापला जातोय. तेवढीच चित्रं वेगळी काढून मूळ पानाशेजारी ठेवून माणसाने पाहायची.