‘देणं लागत नाही’ आणि ‘मागणीच बरोबर नाही’: बँक गॅरंटी वटवताना कोर्ट काय बघतं

बँक गॅरंटी म्हणजे काम देणाऱ्याने मागणी केली की त्याला ठरलेली रक्कम देण्याची कंत्राटदाराच्या बँकेची लेखी हमी. बांधकामाच्या धंद्यातल्या माणसाची अशी गॅरंटी वटवली जाणार, म्हणजे ती रक्कम मागितली जाणार, असं कळलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “साहेब, आम्ही त्यांचं काहीच देणं लागत नाही, उलट आमचंच बिल अडकलंय. स्टे घ्या.” तक्रार अनेकदा खरी असते. पण स्टे मिळवायला ती जवळजवळ कधीच पुरत नाही. गॅरंटी चुकीची वटवली जाते, हे दोन वेगळ्या अर्थांनी म्हणता येतं. पहिला अर्थ असा की कंत्राटाच्या हिशेबाने मागणी अन्यायाची आहे. दुसरा असा की गॅरंटीच्या कागदात मागणी जशी करायची म्हटली आहे, तशी ती केलेली नाही. पक्षकार पहिल्यावर पानंच्या पानं लिहून आणतो आणि न्यायाधीश दुसऱ्याबद्दल विचारतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रावेर परिसरात केळीसाठी शीतगृह बांधायचं काम भुसावळच्या एका कंत्राटदाराने 3 कोटींना घेतलं. कामगिरीची हमी म्हणून त्याच्या बँकेने मालक कंपनीला 30 लाखांची गॅरंटी दिली. काम रेंगाळलं. कंपनी म्हणते कंत्राटदाराने माणसं लावली नाहीत, छत गळतंय. कंत्राटदार म्हणतो नकाशे उशिरा मिळाले आणि 42 लाखांचं चालू बिल थकलंय. गॅरंटीची मुदत 31 मार्चला संपते, मागणी करायची शेवटची तारीखही तीच. 26 मार्चला कंपनीच्या प्रकल्प व्यवस्थापकाचं पत्र बँकेत येतं: ‘काम रखडले आहे, गॅरंटीची रक्कम आमच्या खात्यात जमा करावी.’

कंत्राटदार थकलेली बिलं, साइटचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप घेऊन वकिलाकडे धावतो. यातल्या कशाकडेही या टप्प्यावर कोर्ट फारसं बघणार नाही. गॅरंटी हा बँक आणि मालक कंपनी यांच्यातला स्वतंत्र करार आहे. त्यात बहुधा ‘कोणतीही हरकत न घेता, केवळ लेखी मागणीवर’ पैसे देऊ असं लिहिलेलं असतं. मग दोष उशिरा आलेल्या नकाशांचा की कमी पडलेल्या माणसांचा, हे ठरवायचं काम बँकेचं नाही आणि मनाईच्या अर्जावर कोर्टाचंही नाही. तो वाद लवादापुढे चालेल. सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशन खटल्यापासून हेच सातत्याने सांगितलं आहे. म्हणून 42 लाख खरोखर थकलेले असले, तरी त्या एका कारणावर 30 लाख थांबत नाहीत.

अपवाद दोन मानतात आणि दोन्ही अरुंद आहेत. पहिला फसवणुकीचा. ती ठळक हवी, गॅरंटीच्या मुळालाच लागणारी हवी आणि अर्जासोबतच्या कागदांतूनच दिसायला हवी. ‘खोटा क्लेम केलाय’ म्हणणं म्हणजे फसवणूक नव्हे. दुसरा भरून न येणाऱ्या अन्यायाचा. इराणमधल्या क्रांतीनंतर एका अमेरिकी कंपनीला तिथे दाद मागून पैसे परत मिळणं व्यवहारात अशक्य झालं होतं. आपली न्यायालयं या अपवादासाठी तेच उदाहरण देतात. आपल्या उदाहरणातली मालक कंपनी इथलीच, तिचं शीतगृह रावेरला उभं. लवादाचा निवाडा मिळाला तर वसुली होऊ शकते. ‘पैसे गेले तर माझं खातं एनपीए होईल’ ही अडचण खरी, पण या अपवादात ती बसत नाही.

आता गॅरंटीचा कागद वाचू. बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये कंत्राट असतं आणि गॅरंटीची प्रत मात्र बँकेतून मागवावी लागते, हे दुर्दैव. या गॅरंटीत असं आहे: कंत्राटदाराने कराराचा भंग केला आहे आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीची अमुक रक्कम देय आहे, असं नमूद करणारी, व्यवस्थापकीय संचालकाच्या सहीची लेखी मागणी आली की बँक पैसे देईल. 26 तारखेच्या पत्रावर सही प्रकल्प व्यवस्थापकाची. भंग, नुकसान, देय रक्कम यांचा शब्दही नाही. चाळीस पानी तक्रारीपेक्षा हे दोन मुद्दे वजनदार आहेत.

याला आधार आहे 1999 च्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या निकालाचा. तिथे गॅरंटीप्रमाणे मागणीचा अधिकार मुख्य अभियंत्याचा होता आणि पत्र पाठवलं कार्यकारी अभियंत्याने. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी ग्राह्य धरली नाही. शिवाय त्या आगाऊ रकमेच्या गॅरंटीत कंत्राटातल्या एका कलमाचा हवाला होता: त्यातली जबाबदारी कंत्राटदाराने पाळली नाही आणि त्यामुळे मालकाला वसुलीचा हक्क आला, तरच पैसे. म्हणून ती बिनशर्त मानली गेली नाही. तेव्हा कागदाच्या माथ्यावर ‘बिनशर्त’ छापलेलं आहे यावर न थांबता आतलं वाक्य शेवटपर्यंत वाचावं.

असं पत्र आलं की त्याची आणि गॅरंटीची प्रत बँकेतून त्याच दिवशी घ्यायची. बँकेला पोचपावतीसह लेखी कळवायचं की मागणी गॅरंटीतल्या अटींप्रमाणे नाही. सही, मजकूर आणि तारीख तपासणं हे बँकेचं कामच आहे. मॅनेजरला हात जोडून ‘थोडं थांबा’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण बिनचूक मागणी अडवली तर बँकच अडचणीत येते. कंत्राटात लवादाचं कलम असेल तर 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 9 खाली अंतरिम मनाईचा अर्ज करायचा, बँकेलाही प्रतिवादी करायचं आणि वरचे दोन मुद्दे पहिल्याच पानावर घ्यायचे. थकलेल्या बिलाची हकीकत दोन परिच्छेदांत पुरे. आदेश मिळाला तर 90 दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते. मालक सरकारी खातं असेल आणि लवादाचं कलम नसेल, तर दाव्याआधीची दोन महिन्यांची नोटीस आडवी येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80(2) प्रमाणे तातडीची परवानगी मागता येते, पण सरकारला म्हणणं मांडू दिल्याशिवाय आदेश होत नाही. हाताशी चार-पाच दिवस असताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

दुसऱ्या प्रकारच्या हरकतीलाही मर्यादा आहे. मागणीतला दोष दुरुस्त होऊ शकतो. कंपनीच्या वकिलाने 28 मार्चला गॅरंटी वाचली, व्यवस्थापकीय संचालकाच्या सहीचं आणि नेमक्या शब्दांतलं नवं पत्र 29 ला बँकेत दिलं, तर आधीच्या पत्रावरचा आक्षेप तिथेच संपला. मग अर्जात उरते पहिल्या प्रकारची तक्रार, आणि ती चालत नाही. 31 मार्च उलटून गेल्यावर कंपनीला चूक कळली, तर मात्र चित्र वेगळं, कारण मुदतीत केलेली योग्य मागणीच अस्तित्वात नाही.

पैसे एकदा बँकेतून गेले की थांबवण्याजोगं काही शिल्लक राहत नाही. तेव्हा पहिली तक्रार आपल्या जागी येते. लवादापुढे कंपनीला दाखवावं लागतं की कराराचा भंग कुणी केला आणि त्याचं वाजवी नुकसान किती. करार कायद्यातल्या नुकसानभरपाईच्या कलम 73 आणि 74 चा तोल तिथे लागतो. छत दुरुस्तीला 8 लाख लागले आणि बाकी काही सिद्ध झालं नाही, तर कंपनीने उचललेल्या 30 लाखांतले 22 लाख परत मागता येतात आणि थकलेल्या 42 लाखांचा दावा वेगळा उभा राहतो. नकाशांच्या तारखा, साइटचे फोटो, व्हॉट्सॲपवरचे निरोप यांची फाइल याच टप्प्यासाठी जपून ठेवायची असते.