रात्री दीडचा खड्डा: दंड दबला की साखर उतरली?

साखर मोजणारा सेन्सर दंडावर लावलेल्या मधुमेहींनी सकाळी मोबाइल उघडावा तर रात्री दीडच्या सुमारास साखरेच्या आलेखात लाल खड्डा! तो पाहून रात्रीची गोळी परस्पर बंद करणारे आणि झोपताना चमचाभर कुंदा खाऊन घेणारे, दोघेही घाई करतात. आधी खड्ड्याचा आकार पाहायला हवा.

दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असतो. रक्तातून साखर त्या द्रवात झिरपते, म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या साधारण पाच-दहा मिनिटे मागे चालतो. आता सेन्सरच्याच कुशीवर झोपलो की दंड दाबला जातो आणि तिथल्या केशवाहिन्यांतून रक्त कमी वाहते. नवी साखर येत नाही, आसपासच्या पेशी मात्र असलेली वापरत राहतात. अंगभर साखर ठीक असते, उतरते ती तेवढ्या जागेपुरती.

समजा, निपाणीकडचे एक काका ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतात. सोमवारी रात्री 1:10 ला आकडा 118, 1:25 ला 61, मग 2:15 पर्यंत 55 च्या आसपास, आणि 2:30 ला पुन्हा 112. पंधरा मिनिटांत 57 ने घट! झोपेत, पोटी काही नसताना, साखर सहसा इतक्या वेगाने पडत नाही. त्यात काही न खाता ती तेवढ्याच झटक्याने वर आली. हा दाबाचा खड्डा असण्याचीच शक्यता जास्त.

गुरुवारी त्यांनी दिवसभर उसात भांगलण केली आणि रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. अकराला 132, एकला 104, तीनला 78, चारला 63, पाचला 58. ही उतरंड खरी. श्रमलेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, आणि गोळी इन्सुलिन सोडायला लावतच असते. हा आलेख डॉक्टरांना दाखवायचाच.

टाइम इन रेंज म्हणजे दिवसातला 70 ते 180 मधला वेळ. बहुतेक प्रौढांसाठी तो 70 टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे 17 तास हवा. 70 खालचा वेळ 4 टक्क्यांहून, म्हणजे जेमतेम तासाहून, कमी हवा. सोमवारच्या खोट्या खड्ड्याची 50 मिनिटेच साडेतीन टक्के होतात. वयस्क आणि साखर उतरण्याचा धोका असलेल्यांना मर्यादा 1 टक्का, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटे. म्हणून निदान चौदा दिवसांचे आलेख एकत्र पाहावेत. एका दिवसाची सपाट रेघ दाखवून काढा विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. त्या दिवशी जेवणच कमी केले तरी रेघ सपाट येते.

रात्री अलार्म वाजला तर कूस बदला आणि लगेच बोट टोचून ग्लुकोमीटरवर तपासा. घाम, थरथर असेल आणि तपासता येत नसेल, तर उतरलीच समजून 15 ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात घालून घ्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. साखर घेतल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचून पाहा. सेन्सर मागे चालत असल्याने तेव्हाही खालचाच आकडा दाखवत असू शकतो, आणि तो पाहून पुन्हा पुन्हा साखर खाल्ली की सकाळी आकडा फार वर जाऊ शकतो.