१८०८ चा नियम आणि सड्यावरचा ट्रॅव्हर्स

रत्नागिरीकडच्या सड्यावर ट्रॅव्हर्सचं प्रॅक्टिकल घेताना पहिली अडचण खुंट्यांची येते. जांभ्यात खुंटी जात नाही, म्हणून छिन्नीने फुली कोरून स्टेशन ठरवायचं. A पासून निघून प्रत्येक बाजूची लांबी आणि कोन मोजत B, C, D करत परत A वर यायचं. कागदावर मात्र आपण बरोब्बर A वर कधीच येत नाही. उरलेली तफावत वाटायला जर्नलमध्ये बोडिचचा नियम लिहिलेला असतो. तो मुळात कोणत्या उपकरणांसाठी होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

अमेरिकेत रॉबर्ट एड्रेन ‘अ‍ॅनालिस्ट’ नावाचं गणिताचं नियतकालिक चालवत. त्यात रॉबर्ट पॅटरसन यांनी एक प्रश्न घातला आणि उत्तराला दहा डॉलरचं बक्षीस लावलं. पाच बाजूंचं एक शेत होकायंत्र आणि साखळीने मोजलेलं होतं. लांब्या पर्चमध्ये होत्या. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे आपल्या गुंठ्याची ३३ फुटांची बाजू बरोबर दोन पर्च. सगळा फेरा १६१.६ पर्चचा, आणि शेवटी सुमारे दोन फूट फरक उरत होता. तो कुठे, किती वाटायचा?

१८०८ मध्ये बक्षीस मिळालं ते सेलम गावच्या नॅथानिएल बोडिच यांना. माणूस नौकानयनातला, होकायंत्राची चूक काय असते ते जाणणारा. साखळीने रेषेच्या दिशेत जेवढी चूक होते, साधारण तेवढीच होकायंत्रामुळे रेषेच्या आडव्या दिशेत होते, असं त्यांनी धरलं. त्यावरून निघालं ते इतकंच: एकूण तफावत प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात, उलट चिन्हाने द्यावी. त्याच प्रश्नाच्या निमित्ताने एड्रेन यांनी लहान-मोठ्या चुका होण्याची शक्यता किती असते याचं गणित मांडलं. गाउस यांचं त्याच विषयावरचं लेखन १८०९ चं.

आता आपला सडा. थिओडोलाइट २० सेकंदांपर्यंत कोन मोजणारा, बाजू ८०, ६०, १०० आणि ८० मीटर, फेरा ३२० मीटर. आतल्या चार कोनांची बेरीज ३६०°००′४०″ आली. मर्यादा २० गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे ४० सेकंद. जेमतेम बसलं. प्रत्येक कोनातून १० सेकंद वजा केले आणि बेअरिंग, म्हणजे प्रत्येक बाजूचे उत्तरेपासूनचे कोन, काढली. मग लॅटिट्यूडची, म्हणजे बाजूंच्या उत्तर-दक्षिण अंतरांची, बेरीज +०.०६ आणि डिपार्चरची, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतरांची, −०.०८ मीटर निघाली. उरलेली तफावत, म्हणजे क्लोजिंग एरर, ०.१० मीटर, ३२०० मध्ये १.

AB ची बाजू ८० मीटर, फेऱ्याचा चौथा हिस्सा. म्हणून लॅटिट्यूडला −०.०१५, डिपार्चरला +०.०२०. मूळ ५६.४१२ आणि ५६.७२५ होते, ते ५६.३९७ आणि ५६.७४५ झाले. A ला उत्तर १०००, पूर्व १००० दिलं, म्हणजे ऋण आकडे टळतात. B ची जागा मग उत्तर १०५६.३९७, पूर्व १०५६.७४५. असंच पुढे जाऊन D वरून A ला परत नेमके १०००, १००० यायला हवेत, नाहीतर गेलच्या ट्रॅव्हर्स तक्त्यात कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय.

इथवर सगळे करतात. आता दुरुस्त आकड्यांवरून AB चं बेअरिंग पुन्हा काढा. ते आधीच्यापेक्षा ६४ सेकंदांनी सरकलेलं असतं! ज्या कोनांतून आपण दहा-दहा सेकंद जपून काढले, त्यांवरून आलेलं बेअरिंग बोडिचने मिनिटभर हलवलं. अर्ध्या अंशाच्या खुणा असलेल्या प्रिझमॅटिक कंपासवर हे जाणवलंही नसतं. थिओडोलाइटवर मात्र ते यंत्राच्या तिप्पट आहे. त्यात चूक नियमाची नाही, आपण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते मोडलं.

त्यासाठी ट्रान्झिट नियम आला: कोन जास्त भरवशाचे, म्हणून दुरुस्ती लांबीच्या नव्हे, त्या बाजूच्या लॅटिट्यूड आणि डिपार्चरच्या प्रमाणात. पण बेअरिंग तोही अगदी जागेवर ठेवत नाही, फक्त उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बाजूंचंच राहतं. त्यामागे बोडिचसारखी ठोस मांडणीही नाही. माझ्या मते ३२० मीटरच्या प्रॅक्टिकलला बोडिचच बरा, फक्त सरकलेलं बेअरिंग जर्नलमध्ये लिहावं.

दोन्ही नियम एका ठिकाणी सारखेच आंधळे आहेत. टेपची एक अख्खी लांबी मोजायची राहिली, तर ३० मीटरची ती चूकही ते चारही बाजूंत मुकाट वाटून टाकतील. म्हणून आधी क्लोजिंग एररची दिशा पाहावी. ती एखाद्या बाजूला समांतर असेल, तर तीच बाजू पुन्हा मोजावी. टेप ताणून लांबलेला असेल तर उलटा प्रकार होतो: सगळ्या बाजू एकाच प्रमाणात कमी भरतात, आकृती छान बंद होते आणि क्षेत्रफळ चुकतं. हे टेप प्रमाण लांबीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.