सारखी वाटणी आणि वापरानुसार वाटणी

एका फ्लॅटमध्ये तिघे नोकरदार राहू लागले की पहिल्या महिन्यात “सगळं तीन भागांत” असे ठरते आणि उन्हाळा आला की ते मोडते. मग त्यांच्यातलाच एक जण “जो वापरेल तो भरेल” असा नियम सुचवतो. पण हा नियम भाड्याला लावला की दुसरेच भांडण उभे राहते. दोन्ही पद्धती न्याय्य वाटतात म्हणूनच त्यांची गल्लत होते. माझ्या मते यांपैकी एक निवडून ती सगळ्या खर्चाला लावणे हीच मूळ चूक आहे, कारण काही खर्च आपण घरात असलो-नसलो तरी होतो, काही खर्च वापराबरोबर वाढतो, आणि बहुतेक बिलांत हे दोन्ही मिसळलेले असतात.

उदाहरणासाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला दोन बेडरूमचा एक फ्लॅट धरू. त्याचे भाडे महिना पंधरा हजार आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा एक जण स्वतंत्र बाथरूम असलेली मोठी खोली एकटा वापरतो. शाहूपुरीत बँकेत असलेला आणि गोकुळ शिरगावला कामाला जाणारा असे दोघे दुसऱ्या खोलीत राहतात.

भाडे हा जागा राखून ठेवण्याचा खर्च आहे. बँकवाला दर शनिवार-रविवार गावी गेला, तरी त्याची कॉट, कपाट आणि किल्ली त्याचीच असते. त्यामुळे हजेरीप्रमाणे भाडे कमी करण्याची मागणी टिकत नाही. पण म्हणून प्रत्येकी पाच हजार हेही बरोबर ठरत नाही. हॉल आणि स्वयंपाकघर तिघांचे आहे, खोल्या मात्र तशा नाहीत. निम्मे भाडे सामायिक जागेचे मानले, तर त्याचे प्रत्येकी 2,500 होतात. उरलेल्या 7,500 पैकी मोठ्या खोलीचे 4,200 आणि लहान खोलीचे 3,300 धरले, तर एकटा राहणारा 6,700 आणि खोलीत भागीदारी करणारे प्रत्येकी 4,150 भरतात. यातला 4,200 चा आकडा कोणत्याही सूत्रातून आलेला नाही, तो तिघांनी बसून ठरवायचा असतो. तो बरोबर आहे का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: या भावात खोल्यांची अदलाबदल करायला कोण तयार आहे? लहान खोलीतले दोघेही लगेच हात वर करत असतील, तर मोठी खोली स्वस्त लावली आहे. रात्रपाळीवालाच ती सोडायला निघाला, तर महाग. पगाराच्या प्रमाणात भाडे वाटण्याची कल्पनाही कोणी मांडतो. ती नात्यात चालते, फ्लॅटमेटमध्ये सहसा चालत नाही.

खरी गुंतागुंत विजेच्या बिलात आहे. महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार असतो, तो एकही युनिट न जाळता लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटप्रमाणे लागतात. त्यावर 16 टक्के वीज शुल्क बसते. शिवाय युनिटचा दर एकच नसतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि 101 ते 300 या टप्प्याचा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. दर बदलत राहतात आणि बिलात इंधन समायोजनासारखे आणखी आकारही येतात, म्हणून येथे हिशेबापुरते गोल आकडे घेऊ: पहिल्या टप्प्यात सहा रुपये, पुढच्यात बारा आणि स्थिर आकार 130.

रात्रपाळीवाला दिवसा झोपतो आणि एप्रिल-मेमध्ये भर दुपारी एसी लावतो. समजा, महिन्याला एकूण 250 युनिट आले आणि त्यांतले 130 एसीचे आहेत. बिल सुमारे 2,935 रुपये होते. तीन सारखे भाग केले तर प्रत्येकी 978 येतात, म्हणजे जे दोघे दुपारी घरी नसतात तेही एसीचे पैसे भरतात. सरासरी दराने मोजले, तर एका युनिटला साधारण 11.74 रुपये पडतात. एसीचे 1,526 होतात आणि उरलेल्याचे प्रत्येकी 470. हे पटण्याजोगे दिसते, पण त्यात एक गोष्ट लपते. एसी नसता तर घराचे 120 युनिटच झाले असते आणि बिल 1,125 आले असते, म्हणजे प्रत्येकी 375. एसीमुळे वाढलेली रक्कम 1,810 आहे, 1,526 नव्हे, कारण त्याचे सगळे युनिट महागड्या टप्प्यात जाऊन बसले. सरासरी दराने वाटणी केली, की स्वस्त टप्प्याचा काही फायदा एसीला मिळतो आणि बाकीच्या दोघांना दरमहा प्रत्येकी 95 रुपयांचा भार पडतो.

एसी एकाचाच असेल तेव्हा त्यामुळे वाढलेली सगळी रक्कम त्याच्याकडूनच घेण्याची पद्धत मी योग्य मानतो. दोन्ही खोल्यांत एसी आला की ती कोसळते, कारण महाग टप्प्यात नेमका कोणाचा एसी गेला, हे सांगता येत नाही. तेव्हा सरासरी दरच बरा.

हे सगळे 130 हा आकडा खरा असण्यावर अवलंबून आहे. एसीवरचे वॉट आणि चालवलेले तास यांचा गुणाकार केला, तर तो बहुधा जास्त निघतो, कारण खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो. घरमालकाला विचारून इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या लाइनवर छोटा सबमीटर बसवून घेतला, की हा वाद संपतो. त्याचा फोटो मुख्य मीटरच्या रीडिंगच्या दिवशीच काढावा, एक तारखेला नव्हे. नाहीतर दोन वेगवेगळ्या मुदतींची तुलना होते. रीडिंग न घेता सरासरी बिल आले असेल, तर त्या महिन्याची वाटणी तात्पुरती मानून पुढच्या बिलात जुळवून घ्यावी. गीझर, फ्रिज, पंखे यांचा वेगळा हिशेब ठेवू नये. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतो खरा, पण कोण किती वेळ अंघोळ करतो हे मोजणाऱ्या घरात राहणे मला तरी जमणार नाही.

किराण्यात प्रमाण उलटे होते. गॅस, तेल, मीठ आणि भांड्यांचा साबण सारखे वाटून टाकावेत. दूध, भाजी, कांदे-बटाटे, पीठ-तांदूळ यांना मात्र हजेरी लावता येते. समजा, हा भाग 4,320 रुपयांचा झाला आणि हजेरी 28, 28 आणि 16 दिवस, म्हणजे एकूण 72 आहे. मग दिवसाला 60 रुपये पडतात आणि गावी जाणारा 960, बाकीचे प्रत्येकी 1,680 देतात. आपण नसल्याचे त्याने आदल्या संध्याकाळी सांगितले असेल तरच तो दिवस वजा होतो, कारण सकाळी पिशवी दारात आल्यावर दूध परत जात नाही. रविवारचे मटण या हिशेबात आणूच नये. जे ताटावर बसले त्यांनी तिथल्या तिथे भागवावे.

फ्लॅट सोडणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती एकाच वेळी लागतात. भाडे आणि स्थिर आकार ठरलेल्या नोटीसच्या मुदतीपर्यंत त्याच्या नावावर राहतात. वीज आणि किराणा मात्र तो सामान हलवतो त्या दिवशी थांबतात. त्या दिवशीच दोन्ही मीटरचे रीडिंग लिहून घ्यावे आणि डिपॉझिटमधला त्याचा वाटा परत करताना, अजून न आलेल्या बिलाइतकी रक्कम मागे ठेवावी.